पेपर अकराचा, पोटाची वेळ आठची

फेब्रुवारी-मार्चमध्ये बालरोगतज्ज्ञांकडे पोटदुखी घेऊन येणाऱ्यांत दहावी-बारावीची मुले हमखास असतात. आई सांगत असते, "अभ्यासाचं टेन्शन घेतलंय हिने, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते." डॉक्टर पोट तपासतात आणि मुलीला विचारतात, "शौचाला शेवटची कधी गेली होतीस?" मुलगी गप्प. आईलाही सांगता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला रोज शी होते का, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असते. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कुणी विचारत नाही आणि ती स्वतःहून सांगत नाही. बऱ्याच खोदून विचारल्यावर उत्तर येते, "चार दिवस झाले असतील."

चार दिवस कसे गेले, हे तिच्या दिनक्रमात पाहायला मिळते. अशा अनेक घरांतला दिनक्रम एकत्र मांडला, तर तो साधारण असा दिसतो. रात्री दीडपर्यंत अभ्यास. बाराच्या सुमाराला भूक लागते म्हणून नूडल्स किंवा वेफर्सचे पाकीट. सकाळी सातचा क्लास, म्हणून साडेसहाला कसेबसे उठून नुसत्या चहावर बाहेर पडायचे. क्लासमध्ये पन्नास मुलांना एक संडास, त्याची कडी लागत नाही, नळाला पाणी नसते. म्हणून पाण्याची बाटली दप्तरात तशीच भरलेली राहते. मधल्या सुट्टीत वडापाव. दुपारी दीडला जेवण, पण डोळ्यांवर झोप, म्हणून अर्धी पोळी टाकून आडवे व्हायचे. संध्याकाळी सराव परीक्षा.

या दिवसात खाण्याची चूक डोळ्यांत भरते. पण खरी गडबड सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान झालेली असते.

रात्री झोपेत मोठे आतडे जवळजवळ निवांत असते. जाग आली की त्याची हालचाल वाढते. पोटात अन्न गेले की ती आणखी जोर धरते आणि आतड्यातला मल खाली गुदाशयाकडे ढकलला जातो. ही प्रतिक्रिया कोणत्याही जेवणानंतर होते, पण सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर तिचा फायदा सर्वाधिक मिळतो. नाश्ता झाल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांत अनेकांना कळ येते ती यामुळेच. या मुलीने नाश्ताच केला नाही. आणि चहाने थोडी कळ आलीच, तर त्या वेळी ती रिक्षात किंवा क्लासच्या बाकावर असते.

कळ दाबली की आत काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. गुदाशयात मल उतरला की त्याची भिंत ताणली जाते आणि मेंदूला निरोप जातो. गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल होतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो, तो आवळून धरला की काही मिनिटांत कळ निघून जाते. माणसाला वाटते, काम टळले. मल मात्र तिथेच थांबतो, आणि मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी शोषण्याचे आहे. लहान आतड्यातून रोज त्यात दीडेक लिटर पातळ द्रव येतो आणि त्यातले बहुतेक पाणी ते परत शरीराला देते. मल जितका जास्त काळ थांबेल तितका तो कोरडा आणि घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे नवा मल येऊन साचतो.

असे आठवडाभर चालले की गुदाशय ताणलेल्या अवस्थेलाच सरावतो. पूर्वी थोडा मल आला तरी कळ यायची, आता बराच साचेपर्यंत येत नाही. त्यामुळे "मला लागतच नाही" हे मुलांचे म्हणणे बहाणा नसतो, त्यांना खरोखरच जाणवत नसते. मग एखाद्या दिवशी जाड, टणक मल कुंथून बाहेर येतो, गुदद्वाराच्या कडेला चीर पडते, आग होते, कधी कागदावर किंवा भांड्यात लाल रक्ताचा थेंब दिसतो. घरात कुणीतरी मूळव्याध म्हणून घाबरते. या वयात बहुतेक वेळा ती अशी चीर असते. पण त्या दुखण्याची भीती बसते, मुलगी पुढच्या वेळी आणखी आवळून धरते आणि बद्धकोष्ठता स्वतःच्याच जोरावर चालू राहते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयाचा आहे. जबरदस्तीने रोखू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत आणि मलाचा वेग त्यात अगदी सुरुवातीलाच येतो. आजचे बालरोगतज्ज्ञही मोठ्या मुलांच्या बद्धकोष्ठतेत शौच रोखून धरण्याच्या सवयीला मोठे कारण मानतात.

आता खाण्याकडे येऊ. शंभर ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे अकरा ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. ज्वारी-बाजरीत ते दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास असतात. मुलांना रोज किमान किती तंतू हवेत, याचा सोपा हिशेब असा : वयात पाच मिळवायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला वीस ग्रॅम. दोन भाकऱ्या किंवा तीन-चार पोळ्या, वाटीभर उसळ, एक भाजी आणि एक पेरू एवढ्यावर हा आकडा सहज गाठता येतो. नूडल्स, पाव, बिस्किटे आणि वेफर्स यांवर दिवस काढला तर तो निम्माही होत नाही. पोट मात्र भरलेले वाटते, म्हणून कमतरता लक्षात येत नाही.

पण इथेच एक घोळ होतो. बद्धकोष्ठता लक्षात आली की घरात लगेच इसबगोल सुरू होते, पपई आणली जाते, "पाणी पी, पाणी पी" असा धोशा लागतो. त्रास नुकताच सुरू झाला असेल तर या उपायांनी फरक पडतो. मल आत घट्ट साचून बसला असेल तर नाही. इसबगोल पाणी धरून फुगते, म्हणजे अडलेल्या वाटेत आणखी भर पडते, पोट फुगते आणि कळा वाढतात. पाणीही नेहमीइतके मिळणे गरजेचे आहे, त्याहून तांब्याच्या तांब्या रिचवल्याने साचलेला मल सुटत नाही.

साचले आहे की नाही, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला मलाचा एक तक्ता डॉक्टर जगभर वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, दुसरा गाठीगाठींचा जाड मल. हे दोन्ही बद्धकोष्ठतेचे. तिसरा आणि चौथा, म्हणजे मऊ आणि सलग, चांगला. मुलगी रोज जात असली तरी दोन-तीन खडेच पडत असतील, तर पोट साफ होत नाही असेच समजायचे. दुसरी खूण फसवी आहे. आतल्या घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ मल झिरपतो आणि चड्डीला डाग पडतात. घरच्यांना जुलाब वाटतात, जुलाब थांबवण्याची गोळी दिली जाते आणि आतला त्रास वाढतो. तिसरी खूण लघवीची. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे सारखे लघवीला जावेसे वाटते. मुलींमध्ये लघवीचा जंतुसंसर्गही पुन्हा पुन्हा होऊ शकतो.

वर सांगितलेल्या मुलीचे उपचार साधारण दोन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात साचलेले बाहेर काढायचे. यासाठी पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचे सिरप दिले जाते. ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि मल मऊ करतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. यात काही दिवस जातात आणि त्या दिवसांत दोन-तीनदा जावे लागते, त्यामुळे हा टप्पा पेपर सुरू होण्याआधी उरकलेला बरा. पेपरच्या आदल्या रात्री चूर्ण घेणे तर टाळायलाच हवे. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला जोरात आकुंचन पावायला लावते. परीक्षेच्या खोलीत मुरडा येण्याची ती सोय ठरते.

दुसरा टप्पा कमी मात्रेच्या औषधाचा आणि सवयीचा. अकराचा पेपर आणि साडेदहाला केंद्रावर हजेरी, असे धरले तर सकाळ अशी बसवता येते. साडेसहाला उठून पेलाभर पाणी. सव्वासातला पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी, जे घरात असेल ते, पण पोटभर. साडेसात ते पावणेआठ यांमध्ये संडासात पाच ते दहा मिनिटे, कळ आली नसली तरी. मोबाइल बाहेर. भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर बसण्याची ठेवण आपोआपच योग्य असते. कमोड असेल तर पायांखाली छोटे स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतात आणि वाट सरळ होते. काही झाले नाही तर उठून जायचे, कुंथत बसायचे नाही. पाणी सकाळपासून घोट-घोट पीत राहायचे आणि केंद्रावर पोचल्यावर लघवीला जाऊन यायचे, म्हणजे तीन तासांच्या भीतीने तहान मारावी लागत नाही. क्लास सातचा असेल त्या दिवशी हीच दहा मिनिटे दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर ठेवता येतात.

शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यांनी काहींचा मल घट्ट होतो आणि रंगही काळपट होतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, वेळ किंवा प्रकार बदलून घेता येतो.

पोट फुगून उलट्या होत असतील, ताप असेल, वजन उतरत असेल, मलात वारंवार किंवा जास्त रक्त दिसत असेल किंवा पायांत अशक्तपणा जाणवत असेल, तर कारण दुसरे असू शकते. तेव्हा परीक्षा संपायची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

एरवी सर्वांत जास्त उपचार फसतात ते परीक्षा संपल्यावर. दोन दिवस पोट साफ झाले की औषध बंद होते, सुट्टीत उठण्याची वेळ दहावर जाते आणि जूनमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंत पुन्हा खडे सुरू होतात. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून मऊ करणारे औषध किमान दोन महिने चालू ठेवून, सलग महिनाभर त्रास झाला नाही याची खात्री झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. मार्चमध्ये सुरू झालेले औषध मे महिन्यातही चालू असेल, तर त्यात काळजीचे काही नाही.