६० मिनिटांच्या वर्कआउटमधली ८६ मिनिटं

ऑनलाइन ट्रेनरकडून प्रोग्रॅम घेणाऱ्यांची संख्या वाढली तशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एक्सेल आणि गूगल शीटची संख्याही वाढली. १२ आठवडे, आठवड्याचे ४ दिवस, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग, आणि सुरुवातीला एक ‘सारांश’ नावाचा टॅब: छातीला आठवड्याला इतके सेट, पाठीला तितके, रोजचा वेळ ६० मिनिटं. शीट दिसायला देखणी असते. पण ती बहुधा आधीच्या कुणाच्या तरी शीटवरून कॉपी केलेली असते, मग त्यात दोन ओळी वाढवलेल्या असतात, एक दिवस पुढे-मागे सरकवलेला असतो. चुका शिरतात त्या या सरकवासरकवीत. वजन उचलायच्या आधी अर्धा तास शीटसमोर बसलं, तर त्यातल्या बहुतेक हाती लागतात.

एक नमुना शीट घेऊ. सोमवार आणि गुरुवारी शरीराचा वरचा भाग, मंगळवार आणि शुक्रवारी खालचा. कॉलमची मांडणी नेहमीची: A मध्ये दिवस, B मध्ये व्यायाम, D मध्ये सेट, E मध्ये रेप, F मध्ये दोन सेटमधली विश्रांती सेकंदांत. C सध्या रिकामा आहे, तो पुढे लागेल.

सारांश सांगतो की छातीला आठवड्याला १० सेट. आता बोटावर मोजा. सोमवारी बेंच प्रेस ४, इन्क्लाइन डंबेल प्रेस ३. गुरुवारी इन्क्लाइन बेंच ‘3-4’, केबल फ्लाय ३. म्हणजे १३ किंवा १४ व्हायला हवेत. मग १० कुठून आले? ट्रेनरने सेटच्या कॉलममध्ये ‘3-4’ असं लिहिलं आणि ते आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवलं गेलं. SUM आणि SUMIF मजकुराला मुकाट वगळतात. लाल खूण नाही, इशारा नाही, फक्त बेरीज तीन-चार सेटनी कमी. वाचणाऱ्याला वाटतं छातीला काम कमी पडतंय, तो आपल्या मनाने डिप्सचे ३ सेट वाढवतो, आणि १० समजून प्रत्यक्षात १६-१७ सेट मारत बसतो.

हीच ‘3-4’ दुसऱ्या कुणाच्या संगणकावर ३ एप्रिल ही तारीख होऊन बसते. एक्सेलची ही खोड जुनी आहे. तिच्यापायी २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला MARCH1 सारखी नावंच बदलावी लागली, कारण शास्त्रज्ञांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत होत्या. पण आपल्या कामात तारीख झालेली एका परीने बरी. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांची मोजणी म्हणून साठवतं, त्यामुळे छातीचे सेट एकदम ४५ हजारांच्या वर जातात आणि आंधळ्यालाही दिसतं. त्रास देते ती गप्प बसणारी चूक.

ती पकडायला एक सूत्र पुरतं:

```
=COUNTA(D2:D30)-COUNT(D2:D30)
```

COUNTA भरलेल्या सगळ्या सेल मोजतं, COUNT फक्त आकडे असलेल्या. फरक शून्य आला तर कॉलममध्ये सगळे आकडेच आहेत. १ आला तर कुठेतरी एक ‘3-4’ किंवा ‘3 सेट’ दडलंय. डोळ्यांनी पाहायचं तर आकडे आपोआप सेलच्या उजव्या कडेला लागतात आणि मजकूर डाव्या. मात्र देखणेपणासाठी सगळं मध्यभागी आणलेलं असलं की ही खूण पुसली जाते, आणि देखण्या शीटमध्ये ते हटकून केलेलं असतं.

बेरजेची दुसरी तऱ्हा आठवड्यांमधली. पहिल्या आठवड्याचा टॅब कॉपी करून पुढचे ११ तयार होतात. चौथा आठवडा हलका, म्हणून तिथे ट्रेनर सेट कमी करतो. पण सारांशातलं सूत्र पहिल्याच आठवड्याकडे बोट दाखवत राहतं. बाराही आठवड्यांचे आकडे तंतोतंत सारखे दिसले, आणि त्यात हलका आठवडाही आला, तर समजायचं की सूत्र जागचं हललेलं नाही. खात्री करायची सोपी रीत आहे: चौथ्या आठवड्यातल्या बेंच प्रेससमोर ४० टाइप करा आणि सारांशाकडे बघा. एकूण हललं नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही. नंतर Ctrl+Z दाबायला विसरू नका.

इथे एक गोष्ट चूक समजू नये. बेंच प्रेसमध्ये ट्रायसेप्सही काम करतात. काही ट्रेनर तो अर्धा सेट म्हणून धरतात, काही धरतच नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. फक्त एकाच शीटमध्ये छातीला एक आणि पाठीला दुसरी पद्धत नको, नाहीतर दोन आकड्यांची तुलना फोल ठरते.

पुढचा प्रश्न पुन्हा पुन्हा येणाऱ्या हालचालींचा. नावांची पुनरावृत्ती COUNTIF शोधून देईल, पण ती एकच नाव एकसारखं लिहिलं असेल तरच. आपल्या मंगळवारात ‘रोमानियन डेडलिफ्ट’ आहे, आणि दोन ओळी खाली ‘डंबेल आरडीएल’. नावं वेगळी, हालचाल एकच: गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या जोरावर वर येणं. शिवाय सारांशात एकाची नोंद ‘मागची मांडी’ अशी, तर दुसऱ्याची ‘ग्लूट’ अशी, म्हणून आकड्यांतही त्यांची भेट होत नाही.

त्यासाठी रिकामा C कॉलम वापरायचा. प्रत्येक व्यायामापुढे हालचालीचा प्रकार लिहा: स्क्वॉट, हिंज, पुढे ढकलणं, वर ढकलणं, पुढून ओढणं, वरून ओढणं. लेग कर्ल, बायसेप कर्ल असे एका सांध्याचे व्यायाम ‘सुटा’ म्हणून सोडा. हे काम हातानेच करावं लागतं, कारण कुठलं नाव कुठल्या हालचालीचं हे सूत्राला कळत नाही. मग विचारा:

```
=SUMIFS(D2:D30, A2:A30, "मंगळ", C2:C30, "हिंज")
```

उत्तर ७ येतं, आणि शुक्रवारचं ०. म्हणजे कमरेवरचा सगळा ताण एका दिवसात कोंबला गेलाय, आणि दुसऱ्या लेग डेला ती हालचालच नाही. ट्रेनरने असं ठरवून केलं असण्याची शक्यता कमी. शुक्रवारची ओळ मंगळवारात चिकटली असणार.

पण प्रत्येक पुनरावृत्ती चूक नसते. बेंच प्रेस सोमवारी जड वजनाने ५ रेप आणि गुरुवारी हलक्या वजनाने १० रेप, अशी आली तर ती योजना आहे. ओळखायचं कसं? पुन्हा आलेल्या ओळीत सेट, रेप, विश्रांती सगळं तेच असेल, आणि शेरा लिहिताना झालेली टायपिंगची चूकसुद्धा तीच असेल, तर ते कॉपी-पेस्ट.

आता वेळ. शीटवाले इथे जितके बेफिकीर असतात तितके कुठेच नसतात. ६० हा आकडा बहुतेक वेळा कुणी काढलेला नसतो, नुसता टाइप केलेला असतो. आपला मंगळवार असा आहे: स्क्वॉट ५ सेट ५ रेप, विश्रांती १८० सेकंद, रोमानियन डेडलिफ्ट ४×८, १५०, लेग प्रेस ४×१०, १२०, डंबेल आरडीएल ३×१०, १२०, लेग कर्ल ३×१२, ९०, लेग एक्स्टेन्शन ३×१५, ९०, काफ रेज ४×१५, ६०. एका रेपला ४ सेकंद धरू. मंगळवारच्या ७ ओळी २ ते ८ मध्ये असतील तर:

```
=SUMPRODUCT(D2:D8, E2:E8*4+F2:F8)/60
```

उत्तर सुमारे ७०. (रेपमध्ये कुठे ‘8-10’ लिहिलेलं असेल तर हे सूत्र त्याला तारीख समजून हजारो मिनिटांचं उत्तर देईल किंवा #VALUE! म्हणून ओरडेल. ओरडू द्या, तिथे वरचा आकडा भरा.) यात वॉर्मअप धरलेला नाही. अंग सैल करायला ५ मिनिटं, रिकाम्या बारपासून स्क्वॉटच्या वजनापर्यंत चढायला ८, डेडलिफ्टच्या तयारीला ३. झाली ८६ मिनिटं. प्लेटा उतरवणं आणि पुढच्या मशीनपर्यंत जाणं मी वेगळं धरलेलं नाही. प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या सेटनंतरची विश्रांती हिशोबात आहे, तीत ते बसतं. संध्याकाळी ७ वाजता लेग प्रेससमोर रांग असेल तर तेही बसत नाही.

उलटं गणित जास्त बोलकं आहे. ६० मधून वॉर्मअपची १६ वजा केली की ४४ मिनिटं उरतात. २६ सेटमध्ये प्रत्यक्ष वजन हलवण्याची वेळ जवळपास १८ मिनिटं. उरलेली २६ मिनिटं २६ सेटना वाटली की विश्रांती येते सेटमागे एक मिनिट. म्हणजे शीट स्क्वॉटपुढे ३ मिनिटं लिहिते आणि वेळेच्या सेलमध्ये १ मिनिटच देते. घड्याळ बघून व्यायाम करणारा माणूस साहजिकच विश्रांती कापतो. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच तुलना होती: २१ सराव असलेले पुरुष, ८ आठवडे, एका गटाला सेटमध्ये १ मिनिट विश्रांती, दुसऱ्याला ३. स्क्वॉट आणि बेंचमधली ताकद ३ मिनिटवाल्यांची जास्त वाढली, मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही. अभ्यास लहान होता, पण वेळ वाचवण्यासाठी मोठ्या व्यायामांची विश्रांती छाटणं फुकटात पडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

तेव्हा कापायचं असेल तर दुसरीकडे. डंबेल आरडीएल शुक्रवारी न्या: ८ मिनिटं गेली, आणि हिंजचा घोळही सुटला. लेग कर्ल आणि लेग एक्स्टेन्शन आलटून पालटून करा, मध्ये ४५ सेकंद. एक स्नायू काम करताना दुसरा थांबलेला असतो. साडेचार मिनिटं वाचली. लेग प्रेस आणि काफ रेजचा एकेक सेट कमी केला की आणखी साडेचारएक. एकूण आलं ६९. याच्या खाली ओढायला गेलात तर स्क्वॉटची विश्रांतीच मोडावी लागेल, म्हणून सेलमध्ये ६० खोडून ७० लिहिणं हाच प्रामाणिक उपाय.

आणि हे झाल्यावर सारांशाकडे परत या. लेग प्रेसचा एक सेट गेला म्हणजे पुढच्या मांडीची बेरीज एकने उतरली पाहिजे. शुक्रवारची वेळ ८ मिनिटांनी वाढली पाहिजे. उतरली नाही, वाढली नाही, तर कुठलं तरी सूत्र अजून तुटलेलं आहे. तुमचा ट्रेनर पैसे घेऊन शीट देत असेल तर त्याच्याकडे एवढंच मागा: सेट, रेप आणि विश्रांतीच्या कॉलममध्ये निव्वळ आकडे, आणि रोजच्या वेळेच्या सेलमध्ये टाइप केलेल्या ६० ऐवजी सूत्र.