माल पोचला, हे कशावरून?
दुकानाचा हिशेब : लेखांक ९

कार्डाने झालेल्या विक्रीचे पैसे खात्यात किती कापून येतात, ते मागच्या लेखात पाहिलं. आज आलेले पैसे परत जातात तेव्हाची गोष्ट.

समजा, शेवगावात पैठण रस्त्यावर तुमचं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. मार्चमध्ये पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा आला आणि त्याने बोधेगावच्या आईसाठी २३,६०० रुपयांचा फ्रिज विकत घेतला. वस्तूची किंमत २०,०००, जीएसटी ३,६००. क्रेडिट कार्ड, पिन टाकलेला. दोन दिवसांनी टेम्पोने फ्रिज बोधेगावला पोचवला. एप्रिलमध्ये मशीन देणाऱ्या बँकेचा ईमेल येतो : चार्जबॅक, कारण ‘माल मिळाला नाही’, उत्तर अमुक तारखेपर्यंत द्या. आणि खात्यातून २३,६०० गेलेले!

इथे बहुतेक दुकानदार एकच कागद पाठवतात : मशीनची चिठ्ठी. त्यावर पिन टाकल्याची नोंद असते, म्हणून आपली बाजू भक्कम वाटते. पण पिनमुळे कार्ड त्यानेच वापरलं एवढंच ठरतं. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार असती, तर ती चिठ्ठी कामाची होती. इथे मुलगा खरेदी नाकारतच नाही. त्याचा प्रश्न फ्रिज कुठे आहे हा आहे. म्हणून ईमेलमधलं कारण आधी वाचायचं आणि पुरावा त्याच कारणाचा गोळा करायचा.

इथे लागतात तीन कागद. पहिला, बिल, ज्यावर फ्रिजचा सिरीयल नंबर आहे. दुसरा, डिलिव्हरी चलन : तारीख, पत्ता, घेणाऱ्याचं नाव आणि सही. सही आईची असेल, तर मुलाने माल आईकडे द्यायला सांगितल्याचा व्हॉट्सअॅप मेसेजही जोडायचा, कारण कार्ड मुलाचं आहे. तिसरा, आणि सगळ्यांत वजनदार, कंपनीच्या मेकॅनिकने घरी फ्रिज सुरू करून दिल्याची नोंद. तिच्यावर तोच सिरीयल नंबर असेल, तर माल घरात पोचल्याचं तिऱ्हाइताने सांगितल्यासारखं होतं. मशीनची चिठ्ठी जोडायचीच, पण व्यवहार ओळखण्यापुरती : तिच्यावरचा बारा आकडी आरआरएन नंबर उत्तरात लिहायचा. हा थर्मल कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून विक्रीच्या दिवशीच फोटो काढून ठेवावा.

उत्तर अर्ध्या पानाचं पुरे. कोणत्या तारखेला काय झालं आणि त्याचा कागद कोणता, एवढंच लिहायचं. मुदत चुकली, तर पुरावा कितीही पक्का असला तरी बँक दावा मान्य झाल्याचं धरते.

मुलाला फोन जरूर करा. आईने फ्रिज आल्याचं त्याला कळवलंच नसेल, असंही असतं. मग त्याने स्वतः आपल्या बँकेला तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्यावं आणि त्याची प्रत तुम्ही उत्तराला जोडावी. मात्र वाद चालू असताना ‘मिटवून टाकू’ म्हणून रोख किंवा यूपीआयने पैसे देऊ नका. चार्जबॅक मंजूर झाला, तर तीच रक्कम दोनदा जाते.

आता वही. पैसे गेले म्हणून विक्रीच रद्द करून टाकणं ही नेहमीची चूक. फ्रिज बोधेगावात आहे, बिल कायम आहे, म्हणजे विक्रीही कायम आहे. अडकले आहेत ते फक्त पैसे. त्यासाठी वेगळं खातं उघडा :

वादग्रस्त कार्ड रक्कम खाते नावे २३,६००
बँक खाते जमा २३,६००

बँकेने वादाची फी लावली, तर ती या खात्यात न मिसळता बँक खर्चात टाका. काही बँका पैसे वळते न करता पुढच्या जमेतून रोखून धरतात. तेव्हा बँकेऐवजी कार्डाची येणी जमा करायची.

निकाल तुमच्या बाजूने लागला, तर हीच नोंद उलटी : बँक नावे, वादग्रस्त खाते जमा. हरलात, तर पुढचं सगळं फ्रिज कुठे आहे त्यावर. फ्रिज परत आला, तर क्रेडिट नोट काढायची, विक्री आणि जीएसटी दोन्ही कमी होतात. मात्र मार्चच्या विक्रीची ही नोट येत्या ३० नोव्हेंबरपर्यंतच जीएसटीत धरली जाते, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलं, तर तीच शेवटची तारीख. फ्रिज परत आला नाही, तर मुलाकडून वसुलीचा तुमचा हक्क उरतो. रक्कम त्याच्या नावे टाका, सुटणारच नसेल तर बुडीत लिहा. पण ३,६०० रुपयांचा जीएसटी परत मिळत नाही, कारण कर पुरवठ्यावर आहे आणि पुरवठा झालेला आहे.

म्हणून टेम्पोवाल्याच्या हातात चलनाच्या दोन प्रती द्या, आणि सही केलेली प्रत परत आल्याशिवाय त्याचं भाडं चुकतं करू नका.

पुढच्या आठवड्यात : मशीन ‘नाकारलं’ म्हणतं आणि गिऱ्हाइकाचे पैसे मात्र कापले जातात, तेव्हा.