घड्याळ आणि काचेमधली हवा

मामांच्या स्मार्टवॉचला जणू भुतानं झपाटलं होतं. पावसातून फिरून आले की बोट न लावता स्क्रीन सरकायची. एकदा तर आपोआप कुणाला तरी फोन लागला. उलट कोरड्या दिवशी दोन-तीनदा टिचकी मारल्याशिवाय काही उघडायचं नाही. दुरुस्तीला नेण्याआधी मी वरची केस काढली. पुढे काच असलेली, घड्याळाला चारी बाजूंनी झाकणारी केस होती ती. काढल्यावर घड्याळ ठणठणीत!

घोळ काचेचा कमी आणि काचेखालच्या हवेचा जास्त होता. टचस्क्रीन दाब ओळखत नाही. बोट जवळ आलं की स्क्रीनखालच्या सूक्ष्म जाळीतल्या विद्युतक्षेत्रात जो फरक पडतो, तो ती टिपते. मधे काच असली तर हा परिणाम बऱ्यापैकी पोचतो. हवेतून मात्र फारच क्षीण. या हिशेबात 0.1 मिलिमीटर हवा साधारण 0.7 मिलिमीटर काचेइतकी अडवते. म्हणजे 0.33 मिलिमीटरच्या टेम्पर्ड ग्लासपेक्षा तिच्याखालची कागदाएवढी फटच दुप्पट त्रासदायक. पूर्ण केसची काच स्क्रीनला चिकटलेली नसते, नुसती वर टेकलेली असते, त्यामुळे फट राहतेच. त्या फटीत पाणी शिरलं तर स्क्रीनला ते बोटासारखं वाटतं. मामांचं भूत ते हेच.

सपाट स्क्रीनवर पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारी काच चालते. कडेला गोलाई असेल तर पाण्याचा फवारा मारून लावायची मऊ टीपीयू फिल्म बरी. तिच्यावर चरे पडतात, पण पडू देत, चरे झेलायलाच तर ती लावलेली असते. मला स्वतःला मात्र पुढून उघडा बंपर आवडतो: कड स्क्रीनपेक्षा किंचित वर, बाकी मोकळं.

बंपर घेताना घड्याळ उलटं करून पाहावं. मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या हेलकाव्यांवरून नाडी मोजतो. बंपरची किनार मागे वळून सेन्सरपेक्षा उंच आली, तर घड्याळ त्वचेपासून उचललं जातं. मग बाहेरचा उजेड आत शिरतो आणि घड्याळ हलू लागतं. चालताना तर ते नाडीऐवजी पावलांचाच ताल धरू शकतं. मामांच्या केसचं तेच झालं होतं. चालताना आकडा 112 वर अडकलेला, आणि मिनिटाला पावलंही जवळपास तेवढीच. थांबल्या थांबल्या मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद मोजले तर ठोके 23, म्हणजे मिनिटाला 92.

ईसीजीवाल्या घड्याळात आणखी एक अडचण येते. दुसऱ्या हाताचं बोट धातूच्या बटणाला थेट लागलं, तरच विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. मामांच्या केसनं त्यावर रबरी टोपी चढवली होती. बटण दाबलं जायचं, पण ईसीजी काही निघायचा नाही. नव्या बंपरला त्या जागी सरळ खाच आहे.