खिडकी आहे, ऊन नाही

मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी नटवर पारेख कंपाऊंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि क्षयरोगही तिथेच जास्त आढळला. खोकल्यातून उडालेले जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, पण बरे वाटू लागते काही आठवड्यांतच. रोजंदारीवरचा माणूस तेव्हाच कामावर परततो आणि गोळ्या सुटतात. त्याला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे. म्हणून डॉक्टरांनो, केसपेपरवर मजला, खिडकी, खोलीतली माणसे आणि कामाची वेळही लिहा. रुग्णाला वाचता येत नसेल, तर घरातल्या वाचणाऱ्यालाही गोळ्या समजावून सांगा.