बड्स म्हातारे होतात ते डबीत

नवे घेतले तेव्हा इअरबड्स एका चार्जिंगवर सहा तास चालायचे, दोन वर्षांत साडेतीन-चार तासांवर आले. ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. त्यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे 'फार वापरलेस', आणि दुसरं दुकानदाराचं, 'पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करायचे नसतात'. दुसरा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. बड्समध्ये लिथियम-आयन सेल असतो आणि त्याला वारंवार शून्यावर नेणं उलट जाचकच होतं. पहिलं उत्तरही हिशेबात बसत नाही.

हिशेब करूनच पाहू. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला लोकलने जाणारा एखादा नोकरदार घ्या. जाता-येता मिळून तो अडीच तास गाणी ऐकतो. त्याच्या प्रत्येक बडमध्ये ४० मिलिअँपिअर-तासांचा सेल आहे आणि तो सहा तास पुरतो, असं धरू. (फोनचा सेल पाच हजारांच्या घरात असतो, बडमधला जेमतेम शर्टाच्या बटणाएवढा.) म्हणजे दिवसाला सुमारे बेचाळीस टक्के चार्ज खर्च झाला. बॅटरीच्या भाषेत शंभर टक्के वापर म्हणजे एक सायकल, मग तो एका दमात झालेला असो की तुकड्यातुकड्यांनी. या माणसाच्या वर्षाला फार तर दीडशेच्या आसपास सायकली होतात. साधारण लिथियम सेल चारपाचशे सायकलींनंतर ऐंशी टक्के क्षमतेवर येतो. नुसत्या वापराने बड्स थकत असते, तर ती वेळ यायला तीन वर्षं लागायला हवी होती.

मग बाकीचा ऱ्हास कुठे होतो? उरलेल्या साडेएकवीस तासांत. कानातून काढले की बड्स डबीत जातात आणि डबी लगेच त्यांना स्वतःच्या बॅटरीतून शंभर टक्क्यांपर्यंत भरते. पुढचा सगळा वेळ ते काठोकाठ भरलेले पडून राहतात. लिथियम सेलला नेमकी हीच अवस्था सोसत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वात जास्त असतो. त्या दाबाखाली आतलं द्रावण ग्राफाइटच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होत राहतं, तिथे एक थर चढत जातो आणि त्या थरात लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. आणि हे सगळं बड्स वापरात नसतानाही चालूच असतं.

उष्णता या प्रक्रियेला जोर देते. लिथियम सेलबद्दल नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे पाहिले तर फरक कळतो. चाळीस टक्के भरलेला सेल २५ अंशांवर वर्षभर ठेवला तर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरून ठेवला तर ८०. तोच भरलेला सेल वर्षभर ४० अंशांवर राहिला तर उरतात साधारण ६५ टक्के. चाळीस अंश म्हणजे आपल्याकडे काही प्रयोगशाळेतली गोष्ट नव्हे. नागपूर-अकोल्याची मे महिन्यातली दुपार त्याच्याही वर जाते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आणि स्कूटरची डिकी याहून कितीतरी जास्त तापतात.

म्हणून माझ्या मते बड्सच्या बाबतीत पहिला नियम चार्जिंगचा नाहीच, तो डबी कुठे ठेवता याचा आहे. डिकीत नाही, डॅशबोर्डवर नाही, खिडकीतल्या टेबलावर नाही. तापून आलेली डबी लगेच चार्जरला लावू नका, आधी थंड होऊ द्या. वायरलेस पॅड सोयीचा खरा, पण त्यावर डबी गरम होते, त्यामुळे रोजच्यासाठी साधी केबल बरी. रात्रभर डबी चार्जरला लावायची गरज नाही. तिच्यातला चार्ज वीस-तीस टक्क्यांवर आला की तास-दोन तास लावा आणि काढा. चार्जर ६५ वॅटचा आहे म्हणून घाबरू नका, डबी हवी तेवढीच वीज ओढते.

बड्स शंभर टक्के भरू नयेत यासाठी आपल्या हातात फारसं काही नसतं, कारण तो निर्णय डबी घेते. काही बड्सनी यावर उपाय काढला आहे. उदाहरणार्थ, ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमध्ये वापराची वेळ ओळखून ऐंशी टक्क्यांच्या पुढचं चार्जिंग लांबवण्याची सोय आहे. तुमच्या बड्सच्या ॲपमध्ये अशी काही सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर बड्स डबीबाहेर टेबलावर ठेवण्याची शक्कल मात्र लढवू नका. बरेच बड्स बाहेर राहिले की फोन शोधत जागे राहतात आणि पार रिकामे होतात.

रिकामं होणं हा दुसऱ्या टोकाचा धोका. महिना-दोन महिने बड्स लागणार नसतील तर डबी निम्मी भरून थंड जागी ठेवा आणि दोनेक महिन्यांनी एकदा चार्ज पाहा. डबी स्वतःही थोडी वीज खाते. ती संपली की बड्सना आधार उरत नाही. सेल फार खाली गेला की त्याची सुरक्षा यंत्रणा त्याला तोडून टाकते आणि मग बड जागाच होत नाही.

एक सवय आणखी. पुष्कळ लोक फोनवर बोलायला कायम उजवाच बड वापरतात, आणि वर्षभराने 'उजवा लवकर संपतो' म्हणून चडफडतात. माइक आणि फोनशी चालणारी सततची देवाणघेवाण यात वीज जाते, त्यामुळे तो सेल जास्त झिजतो. आलटून पालटून कान बदला. घरात शांतता असेल तेव्हा नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवलं तर एका चार्जमध्ये जास्त वेळ मिळतो.

आता, बॅटरी गेली असा निकाल देण्याआधी एक तपासणी कराच. डबीच्या तळाशी दोन-तीन बारीक पिना असतात आणि बडच्या दांड्यावर त्यांच्या जोडीचे धातूचे ठिपके. त्यावर घाम, तेल आणि कानातला मळ साचतो. त्या एका थरामुळे बड डबीत बसलेला दिसतो, पण भरत नाही. सकाळी एक बड १०० आणि दुसरा १२ टक्के दिसला तर संशय पिनांवर घ्या. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा; चिकटलेलं निघत नसेल तर काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावा आणि पूर्ण वाळल्यावरच बड आत ठेवा. घामेजलेले बड्स व्यायामानंतर तसेच डबीत टाकले तर पिनांवर गंज चढतो.

पिना स्वच्छ असूनही दोन्ही बड भरल्यानंतर एकच आवाज, एकच मोड ठेवून संपेपर्यंत ऐका आणि वेळ लिहून ठेवा. सहाचे पाच तास झाले असतील तर वय झालं म्हणायचं. तीस टक्क्यांवरून अचानक बंद पडत असेल तर सेल खरोखर थकला आहे. बड्स ठीक आणि डबी पूर्वी तीन-चार वेळा भरायची ती आता दोनदाच भरते, असं असेल तर डबीची बॅटरी उतरली आहे.

बहुतेक बड्स गोंदाने बंद केलेले असतात, त्यामुळे सेल बदलणं महागात पडतं किंवा जमतच नाही. फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये बड्स आणि डबी दोन्हींच्या बॅटऱ्या ग्राहकाला बदलता येतील असे 'फेअरबड्स' आणले, पण ते अपवादच.

बडची शिवण उघडली, तो डबीत नीट बसेनासा झाला किंवा डबीचं झाकण वर उचललं गेलं, तर सेल फुगला आहे असं समजा. त्याला टोचू नका, चार्जरला लावू नका. आणि घंटागाडीत टाकू नका; कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला लिथियम सेल पेट घेतो. जवळच्या ई-कचरा संकलन केंद्रावर द्या.