व्हाउचर नंबर 478 कुठे गेलं?

समजा, एका बांधकाम कंपनीची कचेरी पुण्यात आहे आणि रस्त्याचं काम सातारा जिल्ह्यात चालू आहे. साइटवरच्या कॅशियरकडे छापील नंबरांचं व्हाउचर बुक असतं. डिझेल, हमाली, जेसीबीचं भाडं, मजुरांचा चहा असा जो खर्च रोखीनं होतो, त्याचं एकेक व्हाउचर तो फाडतो. दर शनिवारी त्यांचे मोबाइलवर फोटो काढून तो पुण्याला पाठवतो. मूळ कागद साइटवरच्या बॉक्स फाइलमध्येच राहतात. पुण्यातला अंतर्गत लेखापरीक्षक महिन्याचं व्हाउचिंग करायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर फक्त हे फोटो असतात.

व्हाउचिंग म्हणजे कॅशबुकातल्या प्रत्येक नोंदीमागचा कागद पाहणं. पैसे कोणाला दिले, कशासाठी दिले, कोणी मंजूर केले आणि त्याला बिलाचा आधार आहे का, हे तपासायचं असतं. ऑडिटच्या पुराव्याविषयीचं 500 क्रमांकाचं मानक सांगतं, की मूळ कागद हा छायाप्रतीपेक्षा किंवा फोटोपेक्षा अधिक भरवशाचा पुरावा असतो. त्यामुळे फोटोंवरून चालणाऱ्या तपासणीत आधी फोटोचीच तपासणी करावी लागते.

या साइटचे फेब्रुवारीचे फोटो आले आहेत. कॅशबुकानुसार महिन्यात 451 ते 520 असे सत्तर नंबर वापरले गेले. फोटो मात्र 66 आहेत. लेखापरीक्षक फोटोंमधले नंबर एक्सेलमध्ये ‘A’ रकान्यात उतरवतो, चढत्या क्रमानं लावतो आणि शेजारच्या रकान्यात साधं सूत्र घालतो:

```
=A3-A2
```

उत्तर 1 आलं तर क्रम सलग आहे. 2 किंवा जास्त आलं तर मधला नंबर गायब आहे, आणि 0 आलं तर तोच नंबर दोनदा आला आहे. इथे 463, 478, 479 आणि 502 हे चार नंबर सापडत नाहीत.

या सूत्राला एक मर्यादा आहे. ते मधली तूट दाखवतं, पण शेवटचे नंबर गाळले असतील तर त्याला ते कळत नाही. त्याच वेळी दुसरं व्हाउचर बुक वापरात असेल, तर त्याचाही पत्ता लागत नाही. म्हणून जाणता लेखापरीक्षक शेवटच्या वापरलेल्या पानाचा आणि त्यानंतरच्या पहिल्या कोऱ्या पानाचा फोटो मागतो. कचेरीनं साइटला कोणत्या नंबरांची बुकं दिली, याचं रजिस्टरही तो पाहतो. असं रजिस्टर कोणी ठेवतच नसेल, तर क्रमाच्या तपासणीला फारसा अर्थ उरत नाही आणि ती गोष्ट अहवालात आधी यायला हवी.

चार नंबरांची चौकशी होते. 463 रद्द झालं होतं; आडवी रेघ मारलेलं मूळ पान आणि कार्बनप्रत दोन्ही बुकातच आहेत. रद्द व्हाउचर असं जागेवर दिसलं की प्रश्न मिटतो. 502 चा फोटो काढायचाच राहिला होता. डिझेलचा साधा खर्च, बिल जोडलेलं. हे दोन्ही खुलासे पटण्यासारखे आहेत. 478 आणि 479 बद्दल मात्र उत्तर येतं, “शोधून पाठवतो.”

कॅशबुकात दोन्ही नोंदी 14 फेब्रुवारीच्या आहेत. जेसीबीचं भाडं, एकाच मालकाला, प्रत्येकी 9,000 रुपये. साइट सुपरवायझरला 10,000 रुपयांपर्यंत मंजुरीचा अधिकार आहे आणि त्यापुढे प्रोजेक्ट मॅनेजरची सही लागते. एकाच दिवशी, एकाच माणसाला, मर्यादेच्या जेमतेम खाली असलेल्या दोन रकमा दिसल्या, की रक्कम मुद्दाम तोडली असावी असा संशय घेणं भागच आहे.

काही दिवसांनी फोटो येतात. आता दोन्ही व्हाउचरांवर मॅनेजरची सही आहे आणि सहीखाली 14 तारीख आहे. बिल एकच आहे: दोन दिवसांत 15 तास काम, तासाला 1,200 रुपये, एकूण 18,000.

इथे फोटोच्या तारखेवर भिस्त ठेवण्याचा मोह होतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला, तर कॅमेऱ्यानं नोंदवलेला तपशील निघून जातो, आणि `IMG-20250226-WA0007.jpg` अशा नावातली तारीख फोटो कधी काढला याची खात्री देत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ तपशील टिकतो. पण त्यातून कळतं ते फोटो कधी काढला एवढंच. सही त्याच्या कितीतरी आधीचीही असू शकते. सहीच्या तारखेचा छडा बाहेरच्या कागदातूनच लागतो. लेखापरीक्षक पुण्यातलं हजेरीपत्रक काढतो. मॅनेजर 12 ते 17 फेब्रुवारी रजेवर होता. म्हणजे ही सही 14 तारखेची असणं कठीण.

विचारल्यावर सुपरवायझर सांगतो, की मालक पैशासाठी अडून बसला होता आणि साहेब रजेवर होते. म्हणून दोन व्हाउचरं केली, फोटो मागे ठेवले आणि सही नंतर घेतली. साइटच्या रजिस्टरात जेसीबीचे दोन दिवसांचे 15 तास नोंदलेले आहेत. काम खरं आहे, रक्कम खरी आहे. अशा वेळी अफरातफरीचा आरोप करणं अन्यायाचं ठरेल. पण मागची तारीख घालून सही करणं हा दोष लहान नाही, कारण त्यानं मंजुरीची सगळी व्यवस्थाच पोकळ होते.

शिवाय रक्कम तोडून कंपनीचा काहीच फायदा झाला नाही. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर नियमातल्या काही अपवादांखेरीज आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तिथे दिवसाची बेरीज धरली जाते. व्हाउचरं दोन केली तरी रक्कम 18,000 च राहते.

आणखी एक गोष्ट फोटोंत राहून गेली आहे. 5,000 रुपयांवरच्या रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. या साइटवर तिकीट आणि घेणाऱ्याची सही पानाच्या मागे असते, आणि फोटो फक्त पुढच्या बाजूचा आहे. पैसे खरोखर कोणाच्या हाती गेले हे मागच्या बाजूलाच कळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो मागायला हवेत.

बिलांकडे वळल्यावर नवाच प्रश्न उभा राहतो. 457 आणि 491 या दोन व्हाउचरांना हार्डवेअरच्या दुकानाचं 4,350 रुपयांचं बिल जोडलं आहे. एक फोटो सरळ आहे, दुसरा तिरका आणि सावलीतला. पहिल्या नजरेत ती दोन बिलं वाटतात, पण बिल नंबर एकच आहे आणि उजव्या कोपऱ्यातला तेलाचा डागही तोच. जीएसटीच्या बिलाचा नंबर एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ शकत नाही. म्हणून दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि बिल नंबर हे दोन रकाने एक्सेलमध्ये जोडून पाहिले, तर अशी पुनरावृत्ती डाग न शोधताही हाती लागते. मूळ बिलावर ‘रक्कम दिली’ असा शिक्का आणि व्हाउचर नंबर लगेच टाकला असता, तर ते दुसऱ्यांदा जोडताच आलं नसतं.

हे 4,350 रुपये चुकून दोनदा गेले की कोणी घेतले, हे फोटो पाहून ठरत नाही. त्यासाठी लेखापरीक्षक दुकानदाराकडून खातेउतारा मागवतो आणि पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन 457, 478, 479 आणि 491 ची मूळ पानं, त्यांच्या कार्बनप्रती आणि सोबत स्वतः निवडलेली आणखी दहा व्हाउचरं पाहायचं ठरवतो. ही दहा कोणती, हे तो साइटला आधी कळवत नाही.