परदेशातल्या काकूंना मराठी पत्र

साताऱ्यात वाढलेली आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली एखादी मुलगी लंडनच्या काकूंना पत्र लिहायला बसली, तर पहिला मसुदा बहुधा असा उतरेल:

“तिर्थरुप काकूना साष्टांग नमस्कार. तुमचं पुस्तक मिळालं. आठवणीने तुम्ही ते पाठवलं, खूप आनंद झाला. काका आता कसे आहे? मागच्या महिन्यात त्याला बरं नव्हतं, असं बाबानी सांगितलं. आजीची तब्येत ठिक आहे. पूजेच्या फूलांसाठी ती अजून पहाटे उठते. दिवाळीत तुम्ही येणार आहे का? काळजी घे. आशिर्वाद असावेत.”

माया भरपूर आहे, चुकाही. त्या दोन जातींच्या असल्यामुळे तपासणीही दोन फेऱ्यांत केलेली बरी.

पहिली फेरी ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. या पत्राला त्यांतले दोन-तीनच लागतात. ‘तीर्थरूप’ आणि ‘आशीर्वाद’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून त्यांची वेलांटी आणि ऊकार संस्कृतप्रमाणे दीर्घ. ‘ठीक’ आणि ‘फूल’ यांचा शेवट अकारान्त, म्हणून त्याआधीचं अक्षर दीर्घ. मात्र प्रत्यय लागून शब्दाचं रूप बदललं की हे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं: फूल, पण फुलांसाठी. इथे लिहिणारी ‘काकू’ शब्दाकडे बोट दाखवून विचारेल, मग हा ऊकार का टिकतो? कारण तो शब्दाच्या अगदी शेवटी आहे आणि शेवटचा दीर्घ स्वर प्रत्ययापूर्वीही दीर्घच राहतो. आजीला, वस्तूला, काकूंना.

एवढं काम संगणकावरचा मराठी शब्दकोशही बऱ्यापैकी करतो. फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिसला तो जोडला, की ‘तिर्थरुप’खाली लाल रेघ येते. ‘त्याला’, ‘आहे’, ‘घे’ यांच्याखाली मात्र येत नाही. सुटे घेतले तर हे तिन्ही शब्द बिनचूक आहेत. चुकलाय तो माणसाशी असलेला त्यांचा संबंध. तो माणसानेच तपासायचा.

म्हणून दुसऱ्या फेरीत आधी पत्रातली माणसं मोजावीत आणि घरात कोणाला काय म्हणतात ते ठरवावं. या घरात काकू ‘तुम्ही’, काका ‘ते’, बाबा आदरार्थी आणि आजी ‘ती’. आजीला ‘अहो’ करायला लावणारे मास्तर भेटतात, पण घरात जिला ‘अगं आजी’ म्हणतात तिला पत्रात ‘त्या उठतात’ करणं उसनं वाटतं. ते तसंच सोडावं. मग एकेका माणसाचा हात धरून त्याच्या क्रियापदापर्यंत जावं. काका ‘कसे’ झाले, पण क्रियापद ‘आहे’ राहिलं, हवं ‘आहेत’. ‘तुम्ही’ला ‘येणार आहात’ आणि ‘काळजी घ्या’. ‘पाठवलं’ हे रूप पुस्तकाप्रमाणे चालतं, तरी समोर ‘तुम्ही’ असल्यामुळे त्याला शेवटी त लागतो: पाठवलंत.

सगळ्यात निसटती जागा बाबांची आहे. ‘बाबा म्हणाले’मध्ये आदर क्रियापदात दिसतो. ‘बाबांनी सांगितलं’मध्ये क्रियापद काहीच बोलत नाही, आदर दाखवणारी लेकी असो वा लेक, ‘सांगितलं’ तेच. तिथे मान राहतो तो फक्त ‘बां’वरच्या अनुस्वारात, आणि आदरार्थी बहुवचनातही हा अनुस्वार द्यावा, असं नियमच सांगतो. ‘बाबाने’ चालेल, ‘बाबांनी’ चालेल. ‘बाबानी’ मात्र धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. ‘काकूना’चंही तेच.

दोन्ही फेऱ्यांनंतर पत्र असं होतं:

“तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार. तुमचं पुस्तक मिळालं. आठवणीने तुम्ही ते पाठवलंत, खूप आनंद झाला. काका आता कसे आहेत? मागच्या महिन्यात त्यांना बरं नव्हतं, असं बाबांनी सांगितलं. आजीची तब्येत ठीक आहे. पूजेच्या फुलांसाठी ती अजून पहाटे उठते. दिवाळीत तुम्ही येणार आहात का? काळजी घ्या. आशीर्वाद असावेत.”

हे पत्र बोलीतल्या रूपांत आहे: मिळालं, बरं, सांगितलं. ‘मिळाले, बरे, सांगितले’ असं लिहिलं तरी चालेल. मग ‘पाठवलंत’चं ‘पाठवलेत’ करावं लागेल. अर्धं असं, अर्धं तसं मात्र नको. आत देवनागरी असली तरी पाकिटावरचा पत्ता रोमन लिपीत आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत घालावं, कारण लंडनचा पोस्टमन काकूंचा पुतण्या नसतो.